कापून गेलेला कर परत आणणारं पहिलं रिटर्न

शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींसमोर आयकराचा विषय काढला की पहिल्या रांगेतून एक वाक्य हमखास येतं : ‘सर, आम्हाला अजून पगारच नाही, मग रिटर्न कसलं?’ दुसरं वाक्य जरा हुशारीचं असतं : ‘आता बारा लाखांपर्यंत करच नाही ना!’ दोन्ही वाक्यं वरवर बरोबर वाटतात आणि दोन्हींमुळे नुकसान होतं. पहिल्यामुळे स्वतःचेच पैसे सरकारकडे पडून राहतात. दुसऱ्यामुळे नोकरीच्या पहिल्याच वर्षी विनाकारण दंड भरावा लागतो. म्हणून ‘कर भरणं’ आणि ‘रिटर्न भरणं’ या दोन गोष्टी आधी वेगळ्या करून घेऊ. रिटर्न म्हणजे वर्षभरात तुम्हाला काय मिळालं आणि त्यातून कर म्हणून आधीच किती कापला गेला, याचा तुम्ही स्वतः दिलेला हिशेब. हिशेबाअंती कर शून्य निघू शकतो, आणि कापलेले पैसे जास्त असतील तर ते परत मिळतात. तुमच्यापैकी अनेकांच्या बाबतीत नेमकं हेच होणार आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. नाशिकची एक विद्यार्थिनी समजा, संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका कंपनीत तिने ऑक्टोबर 2025 ते मार्च 2026 असे सहा महिने इंटर्नशिप केली. स्टायपेंड ठरला महिना 12,000 रुपये, पण खात्यात दर महिन्याला 10,800 रुपयेच जमा झाले. विचारल्यावर कंपनीतून उत्तर आलं, ‘टीडीएस कापलाय’, आणि तिने ते सोडून दिलं. कंपनीने कायद्याप्रमाणेच केलं होतं. कंपनीने या रकमेला व्यावसायिक शुल्क धरलं होतं आणि कलम 194J खाली अशी रक्कम वर्षात 50,000 रुपयांच्या वर जाणार असेल तर 10 टक्के कर कापून सरकारकडे भरावा लागतो. सहा महिन्यांचे 72,000 रुपये होतात, त्यातले 7,200 कापले गेले. कंपनीला कापावे लागतात, कारण तुमचं एकूण उत्पन्न किती हे तिला माहीत नसतं. ते सांगण्याची जागा म्हणजे रिटर्न. ते भरलं नाही तर आपोआप कोणी काही परत पाठवत नाही.

आता हे पैसे खरंच तिच्या नावावर जमा आहेत का, हे आधी पाहायचं. फॉर्म उघडून आकडे भरायला बसण्याची घाई करू नका. आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्याविषयी दोन कागद तयार असतात. पहिला `Form 26AS`. तुमच्या पॅनवर कोणी, कोणत्या कलमाखाली, किती रकमेवर, किती कर कापून भरला याचा तो उतारा. दुसरा `AIS`, म्हणजे वार्षिक माहितीपत्रक. तो जास्त बोलका आहे. बचत खात्यावरचं व्याज, मुदतठेवीचं व्याज, शेअरची खरेदी-विक्री, लाभांश असं बरंच काही त्यात दिसतं. थोडक्यात, तुम्ही सांगण्याआधी खात्याला काय माहीत आहे ते या कागदांवर वाचायला मिळतं. तुम्ही भरलेला हिशेब याच कागदांशी पडताळला जातो, म्हणून मी मुलांना सांगतो की रिटर्नचं निम्मं काम हे दोन कागद शांतपणे वाचण्यात आहे.

तिच्या 26AS मध्ये कंपनीचं नाव, 194J, रक्कम 72,000 आणि कर 7,200 अशा नोंदी दिसायला हव्यात. मात्र त्या एप्रिलमध्ये शोधू नका. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएसचं विवरण कंपनीने भरायची मुदत 31 मे असते आणि त्यानंतर 15 जूनपर्यंत ती तुम्हाला `Form 16A` हे प्रमाणपत्र देते. त्यामुळे मेमध्ये उतारा काढला तर अर्धेच पैसे दिसतात, आणि उत्साही मंडळी तेवढ्यावरच रिटर्न भरून मोकळी होतात. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात बसा.

जूनअखेरही नोंद दिसली नाही तर काय समजायचं? तीन शक्यता असतात. कंपनीने तुमचा पॅन चुकीचा टाकला आणि तुमचे पैसे दुसऱ्याच कोणाच्या नावे चढले. किंवा तुम्ही पॅन दिलाच नव्हता. तसं असेल तर कपात 10 नव्हे, 20 टक्क्यांनी झालेली असते, म्हणजे हातात आलेल्या रकमेवरूनच ते ओळखू येतं. किंवा कंपनीने कापले पण भरले नाहीत. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात उपाय कंपनीच्या हिशेब विभागाकडे आहे. बँकेचा उतारा आणि स्टायपेंडचं पत्र जोडून ई-मेल लिहा आणि दुरुस्त विवरण भरायला सांगा. कापलेला कर कंपनीने बुडवला तर तो पुन्हा तुमच्याकडून मागता येत नाही, असं संरक्षण कायद्यात आहे. पण 26AS मध्ये नोंद येईपर्यंत परतावा मात्र अडकतो. कॉलेज सुटल्यावर, इंटर्नशिपमधले वरिष्ठ नोकरी बदलून गेल्यावर हा पाठपुरावा फार जड जातो. म्हणून तो आत्ताच करा.

पोर्टलवर नोंदणी करण्याआधी तीन गोष्टी जुळलेल्या असाव्यात. पॅन आणि आधार जोडलेले हवेत. आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक आज चालू हवा, कारण शेवटी ओटीपी त्यावरच येणार. अकरावीत वडिलांनी दिलेलं आणि नंतर बंद पडलेलं सिम आधारला जोडलेलं असणं ही घरोघरची कथा आहे. तिसरी गोष्ट बँक खातं. परतावा फक्त पोर्टलवर प्रमाणित केलेल्या खात्यातच येतो आणि त्या खात्याला तुमचा पॅन जोडलेला असावा लागतो. आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचं नाव मध्ये आहे की नाही, यावरून मराठी नावांचा घोळ नेहमीचाच. पॅनवरचं आणि बँकेतलं नाव फार वेगळं असेल तर प्रमाणीकरण अडतं. शिष्यवृत्तीसाठी शाळेत असताना उघडलेलं शून्य शिलकीचं खातं कित्येक महिने व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय झालेलं असतं, तेही तपासा.

नोंदणी `https://www.incometax.gov.in` या पत्त्यावर स्वतः करा. पॅन हाच तिथला `User ID`. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नेट कॅफेवाला किंवा ओळखीचा एजंट दहा मिनिटांत काम करून देतो आणि ई-मेल, मोबाईल, पासवर्ड स्वतःचे टाकतो. पुढे खात्याची सूचना आली तर ती त्याच्या मेलवर जाते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. ‘तुमचा परतावा वाढवून देतो’ असं म्हणणारा भेटला तर तिथून उठून या. खोट्या देणग्या आणि वजावटी दाखवून परतावा काढणाऱ्या मध्यस्थांवर जुलै 2025 मध्ये प्राप्तिकर खात्याने देशभर तपासणी केली होती. चूक एजंटाने केली तरी रिटर्न तुमच्या नावाचं असतं, त्यामुळे कर, व्याज आणि दंडासाठी तुम्हालाच विचारतात. शिकलेल्या माणसाकडून, सनदी लेखापालाकडून काम करून घ्यायला काहीच हरकत नाही. पण लॉगिन तुमच्या ताब्यात असू द्या.

आता फॉर्मची निवड. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पगारदारांचा सोपा फॉर्म `ITR-1`, त्याचं नाव ‘सहज’. कंपनीने इंटर्नला कर्मचारी धरून `Form 16` दिला असेल, तर तो स्टायपेंड म्हणजे पगार आणि फॉर्म सहज. पण आपल्या विद्यार्थिनीची कपात 194J खाली आहे, म्हणजे खात्याच्या नोंदीत ही व्यवसायाची मिळकत आहे. सहजमध्ये व्यवसायाच्या उत्पन्नाला रकानाच नाही. काही जण ती रक्कम ‘इतर उत्पन्न’ म्हणून सहजमध्ये दाखवतात. मात्र कपात एका प्रकारच्या उत्पन्नावर आणि कबुली दुसऱ्या प्रकारच्या, यावरून प्रश्न उपस्थित होऊ शकतो. माझं मत सरळ आहे : 194J ची नोंद असेल तर `ITR-4`, म्हणजे ‘सुगम’ भरा. दोन रकाने जास्त भरावे लागतात एवढंच, कर दोन्हीकडे शून्यच येतो.

सुगममध्ये कलम 44ADA ची सोय वापरायची. अभियांत्रिकी, लेखापालन, वास्तुरचना, तांत्रिक सल्ला अशा ठरावीक व्यवसायांतल्या लोकांनी वह्या न ठेवता मिळकतीच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी, अशी ती तरतूद आहे. किमान निम्मी; प्रत्यक्ष उत्पन्न जास्त असेल तर जास्त दाखवायचं. आपल्या विद्यार्थिनीला लॅपटॉप कंपनीनेच दिला होता, खर्च जवळजवळ नव्हता. तिने पूर्ण 72,000 दाखवावेत असं मी सांगेन. खरंही तेच आहे आणि कर तसाही लागणार नाही. या व्यवसायांच्या यादीत तुमचं काम बसत नसेल, उदाहरणार्थ लेखन किंवा समाजमाध्यमांची कामं, तर 44ADA आपल्याला लागू आहे असं गृहीत धरू नका. तिथे एकदा जाणकाराला विचारून घ्या.

पोर्टलवर `e-File` मधून `File Income Tax Return` उघडलं की आधी आकारणी वर्ष विचारतात. 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 या काळातल्या उत्पन्नासाठी `2026-27` निवडायचं. कमाई एका वर्षाची आणि आकारणी पुढच्या वर्षाची, ही जुनी पद्धत आहे आणि पहिल्यांदा भरणारे इथेच एक वर्ष मागे जातात. (नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू झाला असून तेव्हापासूनच्या उत्पन्नासाठी ‘कर वर्ष’ हा एकच शब्द वापरला जातो. तुमच्या पुढच्या रिटर्नला हा घोळ नसेल.) मग रिटर्न का भरताय असं विचारतात. तिचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असल्यामुळे ‘उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त’ हा पर्याय तिचा नाही, `Others` निवडायचा. नवी करप्रणाली आपोआप निवडलेली असते. ती तशीच ठेवा.

फॉर्ममध्ये बरीच माहिती आधीच भरलेली येते. तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, 26AS शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहा. व्यवसायाच्या भागात मिळकत 72,000, तीही बँकेतून आलेली, आणि उत्पन्न 72,000. येणं, देणं, शिल्लक माल, हातातली रोकड असे काही रकाने दिसतात. ते दुकानदारांसाठी आहेत. जे नसेल तिथे शून्य लिहा, रोकड असेल तर खरी लिहा. बचत खात्यावर वर्षाचं व्याज 1,140 रुपये आलं, ते इतर उत्पन्नात. एवढ्या किरकोळ व्याजाचं काय, असं वाटतं. पण ते AIS मध्ये बहुतेकदा दिसतंच. महाडीबीटीवरून आलेली शिष्यवृत्ती मात्र यात मिळवू नका. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त आहे. घरून आलेले पैसेही उत्पन्न नव्हेत.

एकूण उत्पन्न झालं 73,140 रुपये. नव्या प्रणालीत 4 लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे कर शून्य, भरलेला कर 7,200, परतावा 7,200. फॉर्मच्या शेवटी हा आकडा दिसला नाही तर पुढे जाऊ नका. बहुधा कर कपातीच्या तक्त्यातली ओळ सुटलेली असते किंवा ती चालू वर्षात वापरायची रक्कम कोरी राहिलेली असते. उलट चूकही होते : 7,200 ची कपात मागितली, पण त्यामागची 72,000 ची मिळकत कुठेच दाखवली नाही. खात्याची यंत्रणा हे लगेच पकडते आणि रिटर्न सदोष असल्याची सूचना येते. ती आली तर घाबरायचं कारण नाही. त्यात दिलेल्या मुदतीत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं असतं.

`Submit` केलं म्हणजे काम झालं असं समजून लॅपटॉप मिटणारे खूप. रिटर्न सादर केल्यापासून 30 दिवसांत त्याची ई-पडताळणी करावी लागते, आधारच्या ओटीपीने ती मिनिटभरात होते. ओटीपी येतच नसेल तर पोचपावतीची सही केलेली प्रत बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला टपालाने पाठवायची सोय आहे. यातलं काहीच केलं नाही, तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं. 30 दिवसांनंतर पडताळणी केली तर त्या दिवशी भरलं असं मानतात, मग मुदत उलटून गेलेली असू शकते.

यानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत कलम 143(1) ची सूचना ई-मेलवर येते. तुमचे आकडे एका बाजूला आणि खात्याचे दुसऱ्या बाजूला, असा तक्ता त्यात असतो. दोन्ही बाजू सारख्या असतील तर परतावा खात्यात येतो. वेळेत भरलेल्या रिटर्नच्या परताव्यावर 1 एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याजही मिळतं. आपल्या विद्यार्थिनीला महिन्याला 36 रुपये, ऑगस्टमध्ये पैसे आले तर पाच महिन्यांचे 180. हे व्याज पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायचं, तेही विसरू नका. पैसे आले नाहीत आणि ‘परतावा अयशस्वी’ असं दिसलं, तर दोष बहुतेक वेळा बँक खात्याचा असतो. खातं पुन्हा प्रमाणित करून `Services` मधल्या `Refund Reissue` मधून विनंती करायची. ‘तुमचा परतावा मंजूर झाला, इथे क्लिक करा’ अशा एसएमएसमधल्या दुव्याला हात लावू नका. पोर्टलवर स्वतः जाऊनच पाहायचं.

शेअर बाजारात हात घातलेल्यांसाठी एक वेगळा इशारा. तुमच्यापैकी काही जण फ्युचर्स-ऑप्शन्स करतात हे मला माहीत आहे. त्यात बहुतेकांना तोटाच होतो, हेही माहीत आहे. हा व्यवहार व्यवसायात मोडतो आणि त्याला सहज किंवा सुगम चालत नाही, `ITR-3` लागतो. पण तोटा झाला असला तरी रिटर्न भरा. मुदतीत भरलं तर तो तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो आणि नंतरच्या नफ्यातून वजा होतो. मुदत चुकली की तो हक्क गेला.

आता बारा लाखांच्या गोष्टीकडे. जुलै 2026 मध्ये 60,000 रुपये पगारावर रुजू झालात असं धरा. मार्चपर्यंत नऊ महिन्यांचे 5,40,000 होतात. त्यातून 75,000 ची प्रमाणित वजावट गेली की राहिले 4,65,000. यावर टप्प्यानुसार थोडा कर निघतो आणि सवलतीमुळे तो पुन्हा शून्य होतो. पण सवलत कराला आहे, रिटर्नला नाही. उत्पन्न 4 लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरणं बंधनकारक. ते उशिरा भरलं तर कर शून्य असूनही 1,000 रुपये शुल्क लागतं आणि उत्पन्न 5 लाखांच्या वर असेल तर तेच 5,000 होतं. याउलट आपल्या विद्यार्थिनीसारखं उत्पन्न मर्यादेच्या आत असेल आणि इतर कोणत्या कारणाने रिटर्न सक्तीचं नसेल, तर उशिराचं शुल्क नाही.

शुल्क नाही म्हणून निवांत बसू नका. गेल्या वर्षी मुदत 31 जुलैवरून वाढत वाढत 16 सप्टेंबरवर गेली, पण तसं दरवर्षी होईल असं धरू नका. 31 जुलैच्या आत भरून टाका. मुदत चुकलीच तर 31 डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं, परताव्यावरचं व्याज मात्र तेवढं कमी होतं. डिसेंबरही गेला की पुढे अद्ययावत रिटर्नची सोय आहे, पण तिच्यातून परतावा मागता येत नाही. ती फक्त जास्तीचा कर भरू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. मग उरतो तो विलंब माफ करण्याचा अर्ज. सबळ कारण दाखवा, अधिकाऱ्याच्या निर्णयाची वाट पाहा, असा तो रस्ता. 7,200 रुपयांसाठी कोणी त्या रस्त्याने जात नाही. स्टायपेंडमधून काही कापलं गेलं असेल, तर जूनअखेर 26AS काढा आणि जुलैतच रिटर्न भरा.